गुप्तदान कुणापासून गुप्त?

आपल्या ट्रस्टच्या मागच्या वार्षिक सभेत एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "देणाऱ्याने हात पुढे केला आणि आपण त्याच्याकडे कागद मागितले, हे शोभतं का?" प्रश्न एका देणगीबद्दल होता. त्याआधीच्या वर्षी आपल्याला मिळालेल्या सगळ्या देणग्यांची बेरीज केली, तर तिच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याएवढी ती एकटी होती. देणाऱ्याला आपलं नाव कुठेही नको होतं. आणि ती स्वीकारायला विश्वस्त मंडळाने सात आठवडे घेतले. खजिनदार म्हणून मी सभेत जे उत्तर दिलं ते अपुरं होतं. वेळ थोडा होता, देणगीदाराची ओळख सांभाळायची होती, आणि घाईत दिलेल्या उत्तराने शंका कमी होण्याऐवजी वाढल्या असाव्यात. म्हणून आता सविस्तर लिहितो आहे. देणगीदाराची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. गुप्तदान घ्यावं, अगदी आनंदाने घ्यावं. पण ते जगापासून गुप्त असावं, लाभार्थ्यांपासून गुप्त असावं, सभासदांपासूनही गुप्त राहिलं तर चालेल. ट्रस्टपासून मात्र गुप्त असता कामा नये. ज्या मोठ्या देणगीचा देणारा ट्रस्टलाच ठाऊक नाही, ती परत करण्याची किंवा न स्वीकारण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे, मग रक्कम कितीही मोठी असो.

या हाताने दिलेलं त्या हाताला कळू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामागचा विचार मला आजही पटतो. देणाऱ्याला मोठेपणाची चटक लागू नये आणि घेणाऱ्याला मिंधेपण येऊ नये. पण या विचारात माणसं दोनच आहेत, एक देणारा आणि एक घेणारा. ट्रस्ट या दोघांच्या मध्ये उभा असतो. पैसा त्याचा नसतो. तो एकाचा पैसा दुसऱ्यासाठी सांभाळत असतो. ज्याच्या हातून दुसऱ्याचा पैसा जातो त्याला तो कुठून आला हे विचारावंच लागतं. देणाऱ्याच्या दानतीवर शंका घ्यायची म्हणून नव्हे. उद्या कुणी हिशेब विचारला तर उत्तर त्यालाच द्यायचं असतं, म्हणून.

कायदाही हाच फरक करतो. भारताच्या १९६१च्या आयकर कायद्यात २००६च्या वित्त कायद्याने ११५बीबीसी हे कलम घातलं गेलं. त्यातली निनावी देणगीची व्याख्या सभासदांनी लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या देणगीदाराच्या ओळखीची, म्हणजे नाव-पत्त्याची, नोंद घेणाऱ्या संस्थेने ठेवलेली नाही, ती निनावी देणगी. नाव फलकावर लावलं की नाही, अहवालात छापलं की नाही, याच्याशी व्याख्येला काही देणंघेणं नाही. म्हणजे ज्याला आपण गुप्तदान म्हणतो ते कायद्याच्या नजरेत निनावी असेलच असं नाही, आणि ते तसं होऊ न देणं संस्थेच्या हातात आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या धर्मादाय आयोगाचं मार्गदर्शन दुसऱ्या टोकाने तिथेच पोचतं. अज्ञात किंवा पडताळता न येणाऱ्या स्रोतातून २५,००० पौंड किंवा त्याहून मोठी देणगी आली, तर ती गंभीर घटना मानून विश्वस्तांनी आयोगाला कळवावी, असं ते सांगतं. मोठा पैसा मिळाला ही आनंदाची बातमी, तो कुणाचा हे माहीत नाही ही गंभीर घटना. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

असं का, हे अमेरिकेतल्या एका प्रकरणातून फार स्पष्ट दिसतं. 'फाउंडेशन फॉर न्यू एरा फिलांथ्रॉपी' नावाची एक संस्था होती, तिचे संस्थापक जॉन बेनेट. ते महाविद्यालयांना, चर्चना, संग्रहालयांना सांगत की तुमचा पैसा काही महिने आमच्याकडे ठेवा, आमच्याकडे काही श्रीमंत निनावी दाते आहेत, ते तेवढीच भर घालतील आणि तुम्हाला दुप्पट रक्कम मिळेल. सुरुवातीला ती मिळतही होती. दाते निनावी, म्हणून त्यांना भेटता येत नाही, आणि ते नम्र आहेत म्हणूनच निनावी आहेत, असं समजावलं जाई. मिशिगनमधल्या एका छोट्या महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकवणारे अल्बर्ट मेयर यांना हे पटेना. त्यांच्या महाविद्यालयानेही तिथे पैसा गुंतवला होता. त्यांनी संस्थेची सार्वजनिक विवरणपत्रं मागवून वाचली. इतक्या ठेवी हातात असताना जेवढं व्याज दिसायला हवं त्याच्या आसपासही ते दिसत नव्हतं. मे १९९५मध्ये संस्था दिवाळखोरीत गेली आणि कळलं की निनावी दाते कधी नव्हतेच. नव्या संस्थांच्या पैशातून जुन्यांना दुप्पट दिलं जात होतं. बेनेट यांना १९९७मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली.

सभासदांनी इथे एका गोष्टीवर थांबून विचार करावा. ज्या संस्थांना दिल्यापेक्षा जास्त मिळालं होतं, त्यांच्याकडून तो वरचा पैसा परत मागण्यात आला, कारण तो दुसऱ्या कुठल्यातरी संस्थेचा बुडालेला पैसा होता. त्या संस्थांनी काहीही गैर केलेलं नव्हतं. त्यांनी देणगी समजून घेतलं, सत्कार्याला लावलं, आणि मग ते परत करण्याची वेळ आली. खर्च झालेला पैसा परत करायचा म्हणजे पुढच्या वर्षीच्या कामातून कापायचा. देणगी हातात पडली की ती आपली झाली, हा समज इथे कोसळतो.

आता आपल्या त्या देणगीकडे येतो.

आधी एक ईमेल आला. एका वकिलांच्या कार्यालयातून लिहिलं होतं की आमच्या अशिलांना आपलं काम ठाऊक आहे, त्यांना गुप्तदान करायचं आहे, कृपया खाते क्रमांक कळवावा. आपला खाते क्रमांक पावत्यांवर छापलेलाच असतो, त्यामुळे आमचं उत्तर जाण्याआधीच तिसऱ्या दिवशी रक्कम खात्यात जमा झाली. इथेच पहिला निर्णय घ्यावा लागला. बँकेत पैसा येणं आणि ट्रस्टने देणगी स्वीकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही रक्कम देणगीच्या खतावणीत न घेता उचंत खात्यात, म्हणजे निर्णय होईपर्यंतच्या तात्पुरत्या नोंदीत, दाखवली. पावती दिली नाही, आभाराचं पत्र लिहिलं नाही, आणि त्या भरवशावर एकही खर्च मंजूर केला नाही. पावती हा साधा कागद नव्हे. तिच्या आधारे देणारा करात सवलत मागू शकतो, आणि 'हा पैसा अमुक ट्रस्टने स्वच्छ म्हणून घेतला' असं चार ठिकाणी दाखवू शकतो. एकदा दिलेली पावती मागे घेणं फार अवघड असतं.

मग वकिलांशी बोलायचं होतं. ईमेलच्या खाली दूरध्वनी क्रमांक होता, तो आम्ही मुद्दाम वापरला नाही. वकिलांच्या नोंदणीच्या यादीत नाव शोधलं, तिथून कार्यालयाचा पत्ता आणि क्रमांक मिळवला आणि त्यावर फोन केला. कारण सोपं आहे: खोटं पत्र लिहिणारा खाली खोटाच क्रमांक देतो, आणि त्या क्रमांकावर फोन केला की पलीकडून 'होय, आम्हीच पाठवलं' असंच उत्तर येतं. आमच्या बाबतीत वकील खरे निघाले. पत्रही त्यांचंच होतं.

दुसरी गोष्ट बँकेच्या नोंदीत होती. पैसा वकिलांच्या खात्यातून आलेला नव्हता आणि कुणा व्यक्तीच्या खात्यातूनही नव्हता. पाठवणारी एक कंपनी होती, आणि तिचं नाव पत्रात कुठेच नव्हतं. पडताळणीत सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी तुलना मला विचाराल तर हीच: पत्रात देणारा कोण म्हटलं आहे आणि बँकेच्या नोंदीत पाठवणारा कोण आहे. ही दोन नावं जुळत नसतील तर त्याचं कारण कळेपर्यंत पुढे जायचं नाही. कारण बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, पण ते लेखी असायला हवं.

कंपनी म्हणजे पडदा असतो. त्यामागे माणूस कोण ते पाहावं लागतं. बऱ्याच देशांत असं धरलं जातं की ज्याच्याकडे कंपनीतला पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त मालकी आहे, किंवा ज्याच्या शब्दावर कंपनी चालते, तो खरा मालक. कंपनी नोंदणीच्या सार्वजनिक दप्तरातून संचालकांची आणि भागधारकांची नावं मिळाली. दोन भावंडांची कंपनी होती. त्यातला एक जण वकिलांचा अशील. त्यांनी आपलं नाव आणि ओळखीचे कागद ट्रस्टला द्यायला लगेच मान्यता दिली. जाहीर करू नका, एवढीच विनंती होती. हे मी आवर्जून सांगतो, कारण सभेत चित्र असं उभं राहिलं होतं की आम्ही एका सज्जनाला खोदखोदून छळलं. ज्याला खरोखर प्रसिद्धी नको असते तो ट्रस्टपासून लपत नाही, असा माझा आतापर्यंतचा अनुभव आहे.

नावं मिळाल्यावर ती निर्बंधांच्या याद्यांशी, म्हणजे ज्यांच्याशी पैशाचा व्यवहार करायला बंदी आहे अशांच्या याद्यांशी, ताडून पाहिली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची एकत्रित यादी कुणालाही पाहता येते, अनेक देशांच्या स्वतःच्या याद्याही खुल्या असतात. या कामाची एक अडचण आपल्या लिपीतून येते. एकच नाव रोमन अक्षरांत चार तऱ्हांनी लिहिलं जातं. 'व' कुठे एका अक्षराने लिहितात तर कुठे दुसऱ्या, शेवटचा 'अ' कुणी लिहितं, कुणी गाळतं. म्हणून एकच स्पेलिंग घालून 'सापडलं नाही' म्हणणं ही पडताळणी नव्हे. उलट, नाव सापडलं म्हणून माणूस तोच, असंही नव्हे. सामान्य नावाची शेकडो माणसं असतात. जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पत्ता यांपैकी निदान दोन गोष्टी जुळतात का ते पाहिल्याशिवाय कुणावरही ठपका ठेवायचा नाही, असा नियम आम्ही केला आहे. या प्रकरणात नावाशी मिळतीजुळती एक नोंद निघाली, पण त्या व्यक्तीच्या आणि आपल्या देणगीदाराच्या जन्मवर्षात वीस वर्षांचं अंतर होतं. तेही कागदावर लिहून ठेवलं.

यानंतरचा प्रश्न सभासदांना सगळ्यात जास्त खटकला: पैसा आला कुठून? इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र केले की गोंधळ होतो. एक, ही विशिष्ट रक्कम कोणत्या व्यवहारातून आली. दोन, या माणसाकडे एवढी ऐपत मुळात कशी. दुसऱ्या प्रश्नाचं ढोबळ उत्तर पुरतं. कुणाच्या आयुष्याची कमाई तपासायला आपण बसलेलो नाही. पहिल्याचं मात्र कागदाने द्यायचं असतं. आपल्या देणगीदारांनी सांगितलं की कंपनीने एक जागा विकली, त्यातला हा हिस्सा. विक्रीखत पाहिलं. विक्रीची रक्कम कंपनीच्या खात्यात आलेली बँकेच्या उताऱ्यात दिसली. तारखा जुळल्या, आकडे जुळले. इथवर तीन आठवडे गेले होते, आणि खरं सांगतो, मंडळातल्या बहुतेकांचं मत होतं की आता पावती फाडावी.

खोळंबा झाला तो एका वेगळ्याच गोष्टीने. देणगी कंपनीची असेल तर कंपनीचा ठराव हवा, म्हणून आम्ही तो मागितला आणि सोबत शेवटचा ताळेबंद. ठराव आला. ताळेबंद वाचताना दिसलं की कंपनीची देणी तिच्या मालमत्तेहून जास्त आहेत. माणूस प्रामाणिक, जागा खरी, पैसा चोख. पण तो पैसा त्यांचा नव्हता, कंपनीचा होता, आणि कंपनीला आधी घेणेकऱ्यांचं देणं फेडायचं होतं. पुष्कळ देशांच्या दिवाळखोरी कायद्यात अशी सोय असते की देणी फेडण्याची ऐपत नसताना कंपनीने फुकट दिलेला पैसा नंतर अवसायक, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता गोळा करून देणी भागवणारा अधिकारी, परत मागू शकतो. म्हणजे दोन वर्षांनी कुणीतरी आपल्या दारात उभा राहून म्हणाला असता, ती देणगी परत करा. तोवर आपण ती खर्च केलेली असती.

आम्ही देणगीदारांना हे सांगितलं तेव्हा ते चकित झाले. लपवण्याचा त्यांचा हेतू नव्हता. घरची कंपनी, घरचा पैसा, अशा समजुतीने त्यांनी ते केलं होतं. आम्ही पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत केली. पुढच्या काही आठवड्यांत त्यांनी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या करपात्र उत्पन्नातून, थोडी कमी रक्कम पाठवली आणि ती आपण स्वीकारली. ज्या चौकशीला सभेत अपमान म्हटलं गेलं, तिने त्यांनाही एका खटल्यातून वाचवलं. हे त्यांचंच म्हणणं आहे आणि त्यांच्या संमतीने लिहितो आहे.

पैसा परत करतानाचा एक नियम वर येऊन गेला, त्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण फसवणूक तिथेही होते. देणगीदार म्हणतो, चुकून एक शून्य जास्त पडलं, जास्तीची रक्कम परत करा, आणि माझं ते खातं आता बंद होतंय म्हणून या दुसऱ्या खात्यात टाका. ऐकायला अगदी साधं वाटतं, आणि माणुसकीने आपण लगेच परत करायला धावतो. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे अशी विनंती आली होती, कार्डाने केलेल्या देणगीबाबत. तेव्हाच्या कार्यालयीन सहकाऱ्याने थांबून विचारलं म्हणून वाचलो. कार्ड चोरीचं होतं. खऱ्या कार्डधारकाने तक्रार केल्यावर बँकेने पूर्ण रक्कम आपल्या खात्यातून काढून घेतली. अशी तक्रार व्यवहारानंतर साधारण चार महिन्यांपर्यंत करता येते, काही बाबतींत त्याहूनही उशिरा. आपण 'जास्तीची रक्कम' दुसऱ्या खात्यात पाठवली असती तर ती वेगळी गेली असती, म्हणजे एकदा न मिळालेली देणगी आणि वर खिशातला पैसा. धनादेशाचंही असंच होतं. खात्यात जमा दिसणं म्हणजे धनादेश वटणं नव्हे, तो नंतरही परत येऊ शकतो. म्हणून परतावा नेहमी ज्या मार्गाने पैसा आला त्याच मार्गाने, त्याच खात्यात, आणि बँकेने व्यवहार पक्का झाल्याचं लेखी कळवल्यावरच.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पैसा गुन्ह्यातला असल्याचा खरोखर संशय असेल, तर तो गुपचूप परत करून हात झटकायचे नाहीत. परत केल्याने तो पैसा एका संस्थेच्या खात्यातून फिरून स्वच्छ दिसू लागतो, आणि तेवढी मदत आपल्या हातून होते. काही देशांत अशा वेळी देणाऱ्याला सावध करणं हाच गुन्हा ठरतो. तेव्हा रक्कम जागच्या जागी ठेवायची, कायदेशीर सल्ला घ्यायचा आणि संबंधित अधिकाऱ्यांना कळवायचं. हे आपल्यावर अजून आलेलं नाही.

एक सभासद म्हणाले होते, बँकेने खातं उघडताना सगळी तपासणी केलेलीच असते, आपण पुन्हा कशाला? बँक आपल्या ग्राहकाला ओळखते. पण तो आपल्याला पैसा का देतो, बदल्यात काय मागतो, हे बँकेला दिसत नाही. समजा, मोठी देणगी आली आणि सोबत अट आली की इमारतीचं काम अमुक कंत्राटदारालाच द्या. कंत्राटदार देणगीदाराचाच नातेवाईक, आणि त्याचं बिल बाजारभावाच्या दीडपट. दात्याने दिलेलं बिलाच्या वाटेने त्याच्याच घरी परत गेलं, मधे करसवलतीची पावती मात्र त्याच्या हातात राहिली. यातला प्रत्येक व्यवहार बँकेच्या दृष्टीने निर्दोष असतो. हे फक्त ट्रस्टच ओळखू शकतो, आणि तेही तेव्हाच, जेव्हा देणगीदार कोण हे त्याला ठाऊक असतं. नाव माहीत नसेल तर कंत्राटदाराशी असलेलं नातं कळणार कसं?

आता या सगळ्याची दुसरी बाजू, कारण गुप्ततेचा गैरवापर फक्त देणाराच करतो असं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत विद्यापीठाने जेफ्री एपस्टीनकडून २००२ ते २०१७ या काळात दहा देणग्या घेतल्या, एकूण ८,५०,००० डॉलर. त्यातल्या नऊ त्याला २००८मध्ये लैंगिक गुन्ह्यासाठी शिक्षा झाल्यानंतरच्या होत्या. विद्यापीठाने नेमलेल्या वकिलांचा चौकशी अहवाल जानेवारी २०२०मध्ये आला. त्यातून दिसलं की काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना देणारा कोण आणि त्याने काय केलंय हे चांगलं ठाऊक होतं. त्यांनी आपसात एक अलिखित व्यवस्था ठरवली: देणग्या घ्यायच्या, पण लहान ठेवायच्या, गाजावाजा करायचा नाही आणि नोंद निनावी करायची. इथे पडताळणी झाली नाही असं म्हणता येत नाही. जे कळलं ते झाकायला निनावीपणा वापरला गेला. देणाऱ्याच्या नम्रतेसाठी असलेली गोष्ट घेणाऱ्याच्या सोयीची झाली.

या प्रकरणाने माझ्या मनात एक कसोटी पक्की केली. गुप्त देणगी स्वीकारताना मंडळाने स्वतःला विचारावं: हे नाव उद्या कुणी छापलं तर देणाऱ्याला संकोच वाटेल की आपल्याला लाज वाटेल? संकोच त्याचा असेल तर देणगी घ्यावी आणि नाव जपावं. लाज आपली असेल तर ती देणगी घेऊच नये.

म्हणूनच 'ट्रस्टला माहीत असावं' म्हणजे नक्की कुणाला, हेही ठरवावं लागतं. एकट्या विश्वस्ताला देणगीदार ठाऊक असेल तर ते गुपित त्याची खाजगी ताकद बनतं. मंडळात तो 'माझा दाता नाराज होईल' असं म्हणू लागतो आणि ते खरं की खोटं हे कुणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे नाव तिघांना कळतं: अध्यक्षांना, खजिनदाराला, आणि मंडळात नसलेल्या लेखापरीक्षकाला. कागद मोहोरबंद पाकिटात राहतात, पाकीट उघडलं तर कुणी, कधी आणि का उघडलं याची वहीत नोंद होते. बाकी विश्वस्तांना नाव कळत नाही. पण देणगीदाराचा ट्रस्टच्या कुठल्या व्यवहाराशी, कंत्राटाशी किंवा लाभार्थ्याशी संबंध आहे का, याचं 'आहे' किंवा 'नाही' एवढं लेखी उत्तर त्यांना मिळतं. सभासदांना मिळायला हवी ती माहिती वेगळी: वर्षात किती गुप्त देणग्या आल्या, एकूण किती, किती पडताळल्या आणि किती नाकारल्या. शेवटचा आकडा आपण अहवालात आजवर दिला नाही. यंदापासून द्यावा, असं माझं मत आहे.

दानपेटीबद्दलही विचारणा झाली. तिथली देणगी निनावीच असते आणि ती तशीच राहू द्यावी. पेटी दोन जण मिळून उघडतात, मोजणीपत्रकावर दोघांच्या सह्या होतात, रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत जाते. लक्ष ठेवायचं ते एवढ्यावरच की एखाद्या दिवशीची रक्कम नेहमीपेक्षा फार जास्त तर नाही. बँकेची पट्टी असलेली कोऱ्या नोटांची बंडलं पेटीत निघाली तर ती फुटकळ दान म्हणून मोजायची नाहीत, वेगळी नोंदवायची आणि मंडळासमोर ठेवायची. मोठी रक्कम लहान तुकडे करून देण्याचा प्रकारही होतो. म्हणून ज्या रकमेपासून पुढे पडताळणी करायची ती मर्यादा एका पावतीला न लावता एका देणगीदाराच्या आणि त्याच्याशी संबंधित मंडळींच्या बारा महिन्यांच्या बेरजेला लावली आहे.

आक्षेपांमधला एक मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. चौकशी सगळ्यांची सारखी होत नाही. ओळखीतल्या माणसाने मोठी रक्कम दिली की आपण चहा पाजतो, अनोळखी माणसाने दिली की कागद मागतो. मी मागच्या पाच वर्षांच्या मोठ्या देणग्यांच्या फायली काढून पाहिल्या. जुन्या परिचितांच्या फायलींत कागद सरसकट कमी आहेत, काहींत तर फक्त 'ओळखीचे आहेत' असा शेरा आहे. ही चूक मंडळाची आहे, त्यात माझीही आहे. परिचय हा पुरावा नव्हे. वर सांगितलेल्या प्रकरणात देणगीदार माझे स्नेही असते तर ताळेबंद मागायला माझी जीभ रेटली नसती, आणि नेमका तोच कागद महत्त्वाचा ठरला. आणखी एक अन्याय होतो. ज्यांची कमाई रोखीत आहे, ज्यांच्याकडे नीट कागद नाहीत, अशा कष्टकऱ्यांनी आयुष्यभराच्या बचतीतून मोठं दान केलं तर आपले नियम त्यांनाच आधी अडवतात. त्यांच्यासाठी वेगळी वाट असावी: दोन विश्वस्तांनी प्रत्यक्ष जाऊन भेटावं, बोलावं, त्यांचं म्हणणं लिहून त्यावर सही घ्यावी. कागद कमी आहेत म्हणून पैसा काळा, असं गृहीत धरणं मला गैर वाटतं.

आणि पडताळणीने पैसा निष्कलंक असल्याची खात्री मिळत नाही, हेही सभासदांनी जाणून असावं. खोटा कागद चांगला बनवला तर आम्ही फसू शकतो. आम्हाला दाखवता येतं ते इतकंच की कोणते प्रश्न विचारले, काय उत्तर मिळालं, ते कशाशी ताडून पाहिलं आणि कुणी निर्णय घेतला. म्हणून प्रत्येक मोठ्या देणगीची फाईल, नाकारलेल्या देणगीचीसुद्धा, जपून ठेवतो.

पुढच्या सभेत मंडळ एक ठराव मांडणार आहे. आजची मर्यादा मागच्या वर्षीच्या एकूण देणग्यांच्या वीस टक्के आहे. ती पाच टक्क्यांवर आणावी, ओळखीच्यांना कुठलीही सूट नसावी, आणि पडताळणी सहा आठवड्यांत पूर्ण व्हावी, नाही तर देणगीदाराला कारण लेखी कळवावं. पाच टक्के केले तर मागच्या वर्षीच्या हिशेबाने एकऐवजी सात देणग्या तपासाव्या लागतील, आणि त्या सातांपैकी चार देणगीदार या लेखाचे वाचक आहेत. त्यांच्याशी मी आधीच बोललो आहे. तिघे तयार आहेत, चौथ्यांनी विचार करायला वेळ मागितला आहे.